रजई, कपाट आणि एक वीत

टाइल्सची फरशी, गुळगुळीत प्लॅस्टर, काचेची सरकती खिडकी आणि वर सिमेंटचा स्लॅब. आजच्या फ्लॅटमधली साधी खोली आवाज शोषून घेत नाही, तो परत पाठवते. त्या खोलीत बसून फोनवर एखादी कथा वाचली आणि नंतर ऐकली, तर कुणीतरी न्हाणीघरातून बोलत असल्यासारखं वाटतं. दोष बहुतेक वेळा फोनच्या माइकला दिला जातो आणि नवा माइक मागवला जातो. तो त्याच खोलीत, तितक्याच अंतरावर ठेवला की रेकॉर्डिंगही साधारण तसंच होतं.

तोंडातून निघालेला आवाज माइकपर्यंत दोन वाटांनी पोचतो. एक थेट. दुसरी भिंती, छत आणि फरशीवर आपटून. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. समोरची भिंत दोन मीटरवर असेल तर तिच्यावरून परतलेला आवाज 12 मिलिसेकंदांत येतो. इतक्या थोड्या उशिराने आलेला आवाज वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येत नाही, तो मूळ शब्दात मिसळून त्याचा पोत बदलतो. प्रत्यक्ष खोलीत असताना दोन कान आणि मेंदू मिळून हा घुमारा बराचसा दुर्लक्षित करतात. माइकला ती सोय नाही. म्हणून कामं दोनच: थेट आवाज वाढवायचा आणि परतणारा कमी करायचा.

थेट आवाज वाढवायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जवळ जाणं. फोन तोंडापासून 60 सेंटीमीटरवर होता आणि तो 20 वर आणला, तर थेट आवाज सुमारे साडेनऊ डेसिबलने वाढतो. खोलीचा घुमारा मात्र जवळपास होता तेवढाच राहतो. वीस सेंटीमीटर म्हणजे साधारण एक वीत. अंगठा हनुवटीशी आणि करंगळी फोनशी, एवढं माप पुरतं.

मग आणखी जवळ का नको? दहा सेंटीमीटरवर ओठांचे चुटचुट आवाज आणि श्वास फार ठळक येतात. शिवाय बोलता बोलता डोकं पाच सेंटीमीटर मागे गेलं, तर आवाज साडेतीन डेसिबलने पडतो. वितीवरून तेवढंच मागे गेल्यास घट दोन डेसिबलपेक्षा कमी असते. निवेदकांचा तो भारदस्त, खर्जातला आवाज जवळ गेल्याने मिळेल, ही आशाही सोडलेली बरी. तो परिणाम एका दिशेने ऐकणाऱ्या स्टुडिओ माइकचा असतो. फोनचा एकेक माइक सर्व बाजूंनी सारखंच ऐकतो, त्यामुळे त्याच्याजवळ गेल्याने खर्ज वाढत नाही.

मराठी वाचणाऱ्याची खरी परीक्षा महाप्राण घेतात. प आणि ब ओठ फोडून हवा सोडतातच, फ, भ, थ, ख यांत हवेचा लोट आणखी मोठा असतो. तो थेट माइकच्या भोकावर आदळला की 'धप्प' असा ठोका उमटतो आणि नंतर तो पुसणं कठीण जातं. तोंडासमोर तळहात धरून 'भाऊ फणस फोडत बसला' असं म्हटलं की लोट कुठे लागतो ते कळतं. फोन नेमका तिथेच ठेवायचा नाही. अंतर तेच राखून तो ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, साधारण 45 अंशांवर सरकवायचा. आवाज बाजूलाही पसरतो, फुंकर मात्र सरळ जाते.

माइक नेमका कुठे आहे, हेही पाहून घ्यावं. बहुतेक फोनमध्ये मुख्य माइक खाली, चार्जिंगच्या खाचेशेजारी असतो. वर किंवा मागे आणखी एखादा असतो. रेकॉर्डिंग सुरू करून प्रत्येक भोकाशी नखाने हलकेच खरवडलं आणि मग ऐकलं, की कुठला जागा आहे ते समजतं. ते टोक तोंडाकडे हवं. जाड कव्हर काढून ठेवावं. फोन हातात धरू नये, कारण बोटांची हालचालही नोंदली जाते.

आता परतणारा आवाज. समजा, दहा बाय बाराची बेडरूम आहे: एका भिंतीला कपड्यांचं कपाट, मध्ये गादी, वर पंखा. कपाटाची दारं पूर्ण उघडायची आणि लटकवलेल्या कपड्यांकडे तोंड करून बसायचं. आवाजाचा मोठा भाग पुढे जातो, तो आधी कपड्यांतच अडकतो. पण सर्व बाजूंनी ऐकणाऱ्या माइकला वाचणाऱ्याच्या पाठीमागची भिंतही ऐकू येते. म्हणून पाठीमागे कपडे वाळत घालायच्या स्टँडवर रजई किंवा जाड गोधडी टाकायची. ती भिंतीला चिकटवण्यापेक्षा वीतभर पुढे असेल तर जास्त काम करते, कारण मागच्या हवेमुळे थोडे खालचे स्वरही शोषले जातात. पायाखाली सतरंजी. फोन पुस्तकांच्या चळतीवर असेल तर त्याखाली घडी केलेला टॉवेल, नाहीतर चळतीवरूनच आवाज उसळून माइकमध्ये शिरतो.

जाडी इथे महत्त्वाची. पातळ पडदा फक्त उंच स्वर खातो, मधले आणि खालचे तसेच घुमत राहतात. परिणामी रेकॉर्डिंग स्वच्छ न होता कोंदट होतं. रिकाम्या कपाटात डोकं घालून बोललं तर खोक्याचा आवाज येतो. डोक्यावर रजई घेऊन बोलायची युक्ती जुनी आहे. 2020 च्या टाळेबंदीत अनेक देशांतल्या रेडिओ वार्ताहरांनी घरी असंच काम केलं. दोन मिनिटांच्या बातमीला ती चालते. अर्ध्या तासाच्या कथेला मुंबईच्या उकाड्यात कुणी टिकणार नाही.

रजईकडून एक अपेक्षा मात्र ठेवू नये. ती खोलीतला घुमारा शोषते, बाहेरचा गोंगाट अडवत नाही. रिक्षा, शेजारचा मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या आत येतातच, कारण त्यांना थांबवायला जड भिंत आणि बंद फटी लागतात. त्यावर उपाय वेळेचा, रात्री उशिराचा. पंखा बंद, फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर मधलं दार बंद, फोन फ्लाइट मोडवर.

वाचण्याआधी दहा सेकंद गप्प बसून रेकॉर्ड करायचं आणि तारेच्या इयरफोनवर ऐकायचं. सततची घरघर आली तर तिचा उगम आधी शोधावा. मग परिच्छेद वाचून शब्दांच्या शेवटाकडे कान द्यायचा: 'टाळी' संपताच शांतता आली तर ठीक, मागे शेपूट राहिलं तर आणखी एक गोधडी किंवा थोडं जवळ. काही ॲप आवाज आपोआप वरखाली करतात. त्यांत प्रत्येक विरामात मागची घरघर फुगत जाते, हीच ओळख. ती सोय बंद करता येणारं ॲप निवडावं आणि सर्वांत मोठा आवाज उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहील असं पाहावं. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि तो पुन्हा शिवता येत नाही.

सततची घरघर 'ऑडॅसिटी'सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बरीच कमी करता येते. त्यासाठी ती दहा सेकंदांची शांतता नमुना म्हणून वापरली जाते. घुमारा तसा निघत नाही, तो प्रत्येक शब्दाबरोबर बदलतो.

फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवावी आणि संपादकाला पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून जोडावी. तिथलं माइकचं बटण दाबून केलेली व्हॉइस नोट आकार लहान ठेवण्यासाठी बरीच दाबलेली असते. ब्लूटूथ इयरबडच्या माइकवरून केलेलं रेकॉर्डिंग तर बहुतेकदा फोनकॉलच्याच दर्जाचं निघतं. त्यापेक्षा फोनचा स्वतःचा माइक बरा.