तापलेल्या पाण्याची जागा

जर्मनीतल्या बहुतेक घरांत हिवाळ्याची ऊब भिंतीलगतच्या रेडिएटरमधून येते. तळघरातला बॉयलर पाणी तापवतो, पंप ते घरभर फिरवतो आणि निवलेलं पाणी पुन्हा बॉयलरकडे येतं. हे सर्किट सगळीकडून बंद असल्यामुळे तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत राहतं. अडचण नेमकी इथेच आहे. 10 अंशांचं पाणी 80 अंशांपर्यंत तापवलं, की ते सुमारे 2.9 टक्के फुगतं. सर्किटमध्ये 200 लिटर पाणी असेल, तर ही वाढ 5.8 लिटर होते. पाणी दाबून लहान करता येत नाही. त्यामुळे या वाढीव पाण्याला जागा मिळाली नाही, तर दाब झपाट्याने चढतो.

ती जागा देते एक्स्पान्शन टाकी. या बंद पोलादी टाकीत मधोमध रबरी पडदा असतो. त्याच्या एका बाजूला सर्किटचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला नायट्रोजन किंवा हवा असते. पाणी फुगलं की पडदा सरकतो आणि गॅस दबतो. पाणी निवलं की गॅस त्याला परत ढकलतो.

मग सहा लिटरची टाकी पुरेल का? नाही. दबलेल्या गॅसलाही जागा लागते. टाकी ठरवताना आधी गॅसचा सुरुवातीचा दाब ठरतो. दहा मीटर उंच पाण्याचा दाब साधारण 1 बार असतो. सर्वांत वरचा रेडिएटर टाकीपासून सात मीटर उंच असेल, तर 0.7 बार आणि वर 0.3 बारची भर, असा 1 बार धरायचा. सेफ्टी व्हॉल्व्ह 3 बारला उघडणारा असेल, तर दाब 2.5 बारच्या वर जाऊ द्यायचा नाही. शिवाय बारीकसारीक गळतीसाठी तीन लिटर पाणी राखीव ठेवायचं. म्हणजे टाकीला एकूण 8.8 लिटर पाणी सामावून घ्यायचं आहे.

आता गुणक काढू. 2.5 मध्ये वातावरणाचा 1 बार मिळवला की 3.5 होतात; त्यांना दोन दाबांमधल्या 1.5 बारच्या फरकाने भागायचं. उत्तर येतं सुमारे 2.33. त्याने 8.8 ला गुणलं की साडेवीस लिटर होतात, म्हणून बाजारातली 25 लिटरची टाकी घ्यायची. तेवढंच पाणी पंधरा मीटर उंच इमारतीत असेल, तर सुरुवातीचा दाब 1.8 बार होतो, फरक फक्त 0.7 बार उरतो आणि टाकी 44 लिटरवर जाते. नुसतं पाणी मोजून टाकी निवडणारा इथे फसतो.

सेफ्टी व्हॉल्व्हचं गणित याहून वेगळं आहे. फुगलेलं पाणी रोज बाहेर सोडणं हे त्याचं काम नाही. कुकरची शिट्टी रोज वाजते, पण सेफ्टी प्लग उडण्याची वेळ सहसा येत नाही. हा व्हॉल्व्ह त्या प्लगसारखा आहे. म्हणून त्याचं माप पाण्यावर नव्हे, तर बॉयलरच्या ताकदीवर ठरतं. कंट्रोल बिघडले आणि बर्नर पूर्ण जोरात चालू राहिला, तर तयार होणारी सगळी वाफ त्यातून बाहेर पडली पाहिजे. 24 किलोवॉटचा बॉयलर अशा वेळी तासाला सुमारे 40 किलो वाफ करू शकतो. जर्मन पद्धतीत 50 किलोवॉटपर्यंत अर्धा इंची व्हॉल्व्ह चालतो, 100 पर्यंत पाऊण इंची. बॉयलर आणि या व्हॉल्व्हच्या मध्ये बंद करता येणारा कॉक कधीही बसवायचा नाही.

तरीही हा व्हॉल्व्ह ठिबकताना दिसतो आणि घरमालक तोच बदलून घेतात. दोष बहुतेकदा टाकीत असतो. वर्षं जातात तसा गॅस हळूहळू निसटतो. आपल्या उदाहरणातल्या टाकीतला गॅसचा दाब शून्यावर आला आणि थंड सर्किट 1.3 बारपर्यंत भरलं, तर टाकीत गॅससाठी अकरा लिटरांहून कमी जागा उरते. पाणी तापलं की दाब 3.9 बारकडे निघतो, म्हणजे 3 बारलाच व्हॉल्व्ह उघडतो. पाणी निवल्यावर गेजचा काटा खूप खाली येतो. मग लोक नवं पाणी भरतात. त्यासोबत ऑक्सिजन आणि क्षार आत येऊन गंज व थर वाढवतात.

थंड असताना काटा खूप खाली आणि गरम असताना 3 बारच्या आसपास, ही या दोषाची खूण. तंत्रज्ञ टाकी सर्किटपासून तोडून तिच्यातलं पाणी काढतो आणि मगच गॅसचा दाब मोजतो; पाणी आत असताना मोजलेला दाब सर्किटचा असतो. गॅसच्या व्हॉल्व्हमधून पाणी आलं, तर पडदा फाटलाय असं समजून टाकी बदलायची. नुसता दाब उतरला असेल, तर 1 बारपर्यंत गॅस भरून घ्यायचा. एकदा उघडलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकून तो ठिबकत राहू शकतो, म्हणून तो बदलावा लागलाच, तर टाकी दुरुस्त झाल्यानंतर बदलावा.