बांबूच्या परडीचा फोटो मोबाइलवर ‘कापायचा’ कसा? बचत गटासाठी सरावपत्रिका

परडी सुरेख, पण फोटोत मागे बादली आणि वाळत घातलेले कपडे. अशा वेळी मागचा भाग पुसून फक्त वस्तू ठेवायची असते. ॲमेझॉनवर तर मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते आणि वस्तूने चौकटीचा किमान ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. सरावाला आपण कडी असलेली बांबूची परडी घेऊ, कारण अडचणी तिथेच येतात.

पायरी १: फोटो. निम्मं काम इथेच होतं. पिवळसर बांबूमागे पांढरी चादर लावू नका, गडद निळी साधी चादर लावा. पुसणारं ॲप रंगातला फरक बघून कड ओळखतं. रंग जवळचे असले की बांबूची पातीही पुसली जातात. परडी चादरीपासून हातभर पुढे ठेवा, नाहीतर निळी झाक बांबूवर उतरते. जागा दाराजवळची, सावलीतली. थेट उन्हात पडणारी काळी सावली ॲपला परडीचाच भाग वाटते.

पायरी २: पुसणं. बॅकग्राउंड पुसणाऱ्या ॲपमध्ये फोटो उघडा. आधी ‘Auto’ने चादरीवर टॅप करा. एका टॅपमध्ये बहुतेक चादर जाते, पण कडीच्या आतली चादर तशीच राहते. ती बाहेरच्या चादरीला जोडलेली नाही, म्हणून तिथे वेगळा टॅप द्यावा लागतो. नवशिक्यांकडून हमखास राहणारी जागा हीच. परडीच्या विणीत मोठी भोकं असतील तर प्रत्येक भोक वेगळं पुसा. बारीक भोकं मात्र सोडून द्या, तास जाईल आणि फरक दिसणार नाही.

आता दोन बोटांनी फोटो मोठा करून कडेवरून फिरा. उरलेलं ‘Manual’ने पुसा. चुकून पातं गेलं असेल तर ‘Repair’ने परत आणा. (काही ॲपमध्ये या बटणांची नावं वेगळी असतात.)

पायरी ३: तपासणी. कापलेली परडी आधी लाल रंगावर ठेवून बघा, मग पांढऱ्यावर. कडेला निळी रेघ राहिली असेल तर ती पांढऱ्यावर उठून दिसते. पातं अर्धवट पुसलं असेल तर त्यातून लाल डोकावतो. रेघ दिसली तर कड अगदी केसभर आत पुसा.

पायरी ४: जतन. पारदर्शक फोटो PNG म्हणूनच सेव्ह करा. JPG पारदर्शकता ठेवत नाही. व्हॉट्सॲपवर गटातल्या ताईंना पाठवताना तो ‘फोटो’ म्हणून नाही, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, कारण फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि पारदर्शक भागही जातो. ॲमेझॉनसाठी पांढऱ्या चौकोनावर ठेवलेली प्रत वेगळी सेव्ह करा. तिची लांब बाजू किमान १००० पिक्सेल असली, तर गिऱ्हाइकाला झूम करून वीण बघता येते.