चकलीच्या पाकिटावर काय लिहाल?

ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांसाठी भरणाऱ्या फराळ-रांगोळी मेळ्याच्या निवेदनात वेळ आणि जागा असतेच; स्टॉल लावणाऱ्यांसाठी मात्र एक सूचना ठळक हवी. बंद पाकिटावर सगळे घटक लिहायचे आणि तिथल्या कायद्याच्या यादीतले 14 ॲलर्जीकारक पदार्थ त्यात उठून दिसले पाहिजेत. चकलीतले तीळ, चिवड्यातले शेंगदाणे लगेच आठवतात. निसटतं ते हिंग! बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ असतं. त्यामुळे भाजणी निव्वळ तांदूळ-डाळींची असली तरी चकलीत गहू येतोच, आणि गहू न चालणारं मूल ती बिनधास्त खातं. हिंगाची डबी वाचूनच चिठ्ठी लिहा. रांगोळीची पूड उडते. तिचे स्टॉल फराळापासून लांब मांडा.