ठाणे अंमलदाराची रात्र

पोलीस ठाण्यात शिरल्यावर पहिल्याच टेबलामागे बसलेला हवालदार किंवा सहायक फौजदार म्हणजे ठाणे अंमलदार. रात्रपाळीत येणारा प्रत्येक माणूस आधी त्याच्यापुढे उभा राहतो. आलेल्याचे ऐकायचे आणि ते कोणत्या नोंदवहीत जाणार हे ओळखायचे, हे त्याचे मुख्य काम. पुढची रात्र नमुन्यादाखल कल्पिलेली आहे. नियम मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यांचे आहेत.

कामावर येताच तो चार्ज घेतो, म्हणजे कोठडीतले आरोपी, शस्त्रे आणि वायरलेस संच तपासून तशी नोंद स्टेशन डायरीत करतो. पुढे सकाळपर्यंत जे घडेल ते याच डायरीत वेळ टाकून क्रमाने उतरते. मध्ये ओळ सोडायची नाही.

साडेनऊला एकाच चाळीतले दोघे शेजारी तावातावाने येतात. पाण्याच्या नळावरून शिवीगाळ झाली आहे, एकाने कानाखाली वाजवली आहे. दोघांनाही समोरच्याला 'आत टाकलेले' हवे असते. शिवीगाळ आणि साधी मारहाण हे अदखलपात्र गुन्हे आहेत. त्यांची एन.सी. लिहिली जाते आणि तक्रारदाराला न्यायालयाकडे जायला सांगितले जाते. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना यात तपास करता येत नाही. 'पोलिसांनी नुसती एन.सी. घेतली' या तक्रारीचे मूळ बरेचदा इथे असते. मात्र ओठ फाटला किंवा हाड मोडल्यासारखे दिसले, तर आधी दवाखान्याची यादी देऊन जखमीला सरकारी रुग्णालयात पाठवावे लागते, कारण दुखापत गंभीर निघाली की गुन्हा दखलपात्र होतो.

अकराच्या सुमारास पार्सल पोचवणारा एक तरुण येतो.

"साहेब, मोबाईल गेला."

"गेला म्हणजे? पडला की कुणी काढला?"

रात्रीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बहुधा हाच. पडला असेल तर 'गहाळ' अशी नोंद होते, गुन्हा दाखल होत नाही. ठाण्याच्या आकडेवारीत चोरी वाढू नये म्हणून चोरीलाही गहाळ म्हणण्याचा मोह असतो, आणि घाईत असलेला तक्रारदार त्यावर सही करून मोकळा होतो. या तरुणाचा खिसा बसच्या गर्दीत ब्लेडने कापलेला आहे. फोन १४ हजारांचा. नव्या कायद्यात ५ हजारांखालची साधी चोरी अदखलपात्र ठरू शकते, त्यामुळे किंमत विचारणे हा केवळ उपचार नाही. अंमलदार बिल मागवतो, खोक्यावरचा आयएमईआय क्रमांक उतरवून घेतो आणि फिर्याद टंकू लागतो: 'कोणीतरी अज्ञात चोरट्याने माझ्या संमतीशिवाय, लबाडीच्या इराद्याने चोरून नेला.' ही भाषा तरुणाची नाही. पण चोरी ठरायला वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून, संमतीवाचून आणि अप्रामाणिक हेतूने हलवलेली असावी लागते, म्हणून ही ठरीव वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या लिहिली जातात. धोका वेगळाच असतो. साच्याच्या नादात बसचा क्रमांक, थांबा, शेजारी उभा असलेला इसम असे तपासाला उपयोगी पडणारे तपशील राहून जातात.

दीडला एक बाई नवऱ्यासह येतात. लोणावळ्याजवळ चहाला उतरल्या असताना त्यांचे मंगळसूत्र हिसकावले गेले. "तिकडेच जा," हे पूर्वी सर्रास मिळणारे उत्तर आता कायद्याला धरून नाही. हद्द कोणतीही असो, गुन्हा शून्य क्रमांकाने दाखल करून संबंधित ठाण्याकडे वर्ग करायचा असतो. घटना रात्री नऊची, तक्रार दीडची; मधल्या साडेचार तासांचे कारण फिर्यादीतच लिहायला हवे. उशिराचा खुलासा नसला की बचाव पक्षाचा वकील पुढे त्यावरच बोट ठेवतो.

पहाटे चारला एक वडील घुटमळत उभे राहतात. सोळा वर्षांची मुलगी संध्याकाळपासून घरी आलेली नाही. बोभाटा होईल म्हणून ते नातेवाइकांकडे शोधत राहिले. चोवीस तास थांबावे लागते हा निव्वळ गैरसमज आहे. हरवलेली व्यक्ती अठराच्या आतली असेल तर, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशापासून, अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा लागतो. ती स्वतःहून गेली असेल का, हा प्रश्न तपासाचा. अंमलदार रात्रपाळीच्या अधिकाऱ्याला उठवतो, मुलीचा फोटो मागतो, अंगावरचे कपडे विचारतो आणि वायरलेसवर वर्णन देतो. रात्रीतली सर्वांत तातडीची नोंद ही, आणि ती सर्वांत उशिरा आलेली असते.

सकाळी डायरी दिवसपाळीच्या हवाली होते. फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय सही करू नये. गुन्हा दाखल झाल्यावर तिची प्रत तिथेच विनामूल्य मिळते. दखलपात्र गुन्हा नोंदवायला नकार मिळाल्यास तीच हकीकत लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे किंवा शहरात उपायुक्तांकडे पाठवता येते, आणि तिथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.