पिशवी नाही, पिशवी नको

“पिशवी?”

हिशेब झाला की आमचा वाणी एवढं एकच विचारतो. 2018 साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, त्याआधी हा प्रश्नच नव्हता. सामान न विचारता पातळ पिशवीत पडायचं. आता विचारावं लागतं, आणि गिऱ्हाइकाला उत्तर द्यावं लागतं.

आमच्या शेजारच्या वहिनी भोपाळच्या. पुण्यात येऊन तीन वर्षं झाली, मराठी चांगलं बोलतात. त्या दिवशी त्यांच्या पर्समध्ये घडी घातलेली पिशवी होती, म्हणून वाण्याच्या प्रश्नाला त्यांनी “नाही” म्हटलं. वाण्याने कापडी पिशवी काढली, सामान भरलं आणि बिलात दहा रुपये मिळवले. वहिनी वैतागल्या. वाणी म्हणाला, “तुम्हीच नाही म्हणालात ना?”

चूक वाण्याची नव्हती. “पिशवी?” या प्रश्नात क्रियापद नाही. “पिशवी आहे का?” आणि “पिशवी हवी का?” हे दोन्ही प्रश्न त्यात दडलेले आहेत, आणि त्यातला कुठला आपण ऐकला हे उत्तरावरून ठरतं. “नाही” म्हणजे माझ्याकडे पिशवी नाही, तेव्हा द्या. “नको” म्हणजे देऊ नका. नकार दोन्हीकडे आहे, पण एकात पिशवी येते आणि दुसऱ्यात येत नाही. हिंदीत दोन्ही ठिकाणी ‘नहीं’ चालतं, त्यामुळे वहिनींना इथे काही निवडायचं असतं हेच जाणवलं नव्हतं.

मराठीतला प्रत्येक नकार कुठल्या तरी होकाराची दुसरी बाजू असतो. ‘आहे’च्या उलट ‘नाही’, ‘हवं’च्या उलट ‘नको’ आणि ‘होय’च्या उलट ‘नव्हे’. उत्तर देताना अडलं तर आधी होकार काय दिला असता ते मनात म्हणून पाहावं. “सुट्टे आहेत का?” याला होकार ‘आहेत’, म्हणून नकार ‘नाहीत’. “अजून आमटी हवी?” याला होकार ‘हवी’, म्हणून नकार ‘नको’. पंगतीत वाढप्याला “नाही” म्हणणारा माणूस लगेच बाहेरचा वाटतो तो यामुळेच. आमटी तर समोर पातेल्यात आहे. ती नाही कशी? नको असेल.

‘नको’मध्ये वस्तू असण्यानसण्याचा प्रश्न नसतो, बोलणाऱ्याच्या मर्जीचा असतो. म्हणून तर मुलगी जन्मल्यावर ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ असं नाव ठेवता आलं. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा पावणेतीनशेहून अधिक मुलींची नावं समारंभ करून बदलली गेली. मुलगी होती, जिवंत होती, घरात होती. नव्हती ती फक्त कुणाची इच्छा.

‘नको’ नेमकं कुठे येतं हे ओळखायची आणखी एक खूण प्रश्नाच्या शेवटी असते. “दार लावू का?”, “मी येऊ का?”, “पंखा बंद करू?” अशा ‘ऊ’कारान्त प्रश्नांत समोरचा आपली मर्जी विचारत असतो. याला उत्तर ‘नको’. तेच “दार लावलंस का?” किंवा “पंखा बंद होतो का?” असं विचारलं तर माहिती हवी असते, आणि उत्तर ‘नाही’. “दार लावलंस का?” याला “नको” हे उत्तर कुणीच देणार नाही, कारण घडून गेलेल्या गोष्टीवर मर्जी चालत नाही.

अडचण येते ती चहापाशी. “तुम्ही चहा घेता का?” या एकाच वाक्याचे दोन प्रश्न होतात. यजमान स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारत असतील तर तो आग्रह आहे आणि उत्तर “नको”. त्यावर “अहो, अर्धा कप” हे ठरलेलंच. पण “नाही” म्हटलंत, तर तुम्ही चहा घेतच नाही असा अर्थ निघतो. मग पुढच्या वेळी, आणि त्याच्याही पुढच्या वेळी, तुमच्यापुढे सरबत येईल. माझ्या एका मावसभावाला सासरी सुरुवातीची दोन वर्षं कोकम सरबत मिळालं ते एका “नाही”पायी. चहा तो दिवसातून चारदा पितो. त्या दिवशी फक्त पोट भरलेलं होतं.

राहिलं ‘नव्हे’. हे अमुक म्हणजे तमुक आहे का, असा ओळखीचा प्रश्न असेल तिथली ही जागा. “ही पिशवी तुमची का?” “नव्हे.” शहरी बोलण्यात ही जागा ‘नाही’ने बळकावली आहे, आणि आज पुण्यामुंबईत असं उत्तर कुणी दिलं तर नाटकातला संवाद वाटेल. लोक “माझी नाही” म्हणतात, आणि ते चूक नाही. पण त्यात एक सोय हरवली. “ते माझं घर नव्हे” म्हटलं तर घर आहे, फक्त ते नाही. नुसतं “माझं घर नाही” म्हटलं तर ऐकणाऱ्याला थांबावं लागतं: याला घरच नाही, की दाखवलेलं घर याचं नाही? आता हा भेद आपण ‘ते’, ‘ही’ असे शब्द जोडून किंवा “नाही, ती शेजाऱ्यांची” अशी पुस्ती लावून भरून काढतो. भूतकाळात तर दोघांचं रूप एकच आहे. “तो घरी नव्हता” आणि “तो चोर नव्हता” यांत फरक करायला मराठीने काही ठेवलेलंच नाही, आणि आपलं अडतही नाही.

‘नव्हे’ मेलं, असं मात्र म्हणू नये. छापील मराठीत ते “एवढंच नव्हे, तर” या जोडणीत ठाण मांडून आहे. सातारा-कोल्हापूरकडे ‘न्हवं’ रोजच्या बोलण्यात आहे, “आलास न्हवं?” हे तिकडे वाक्याचं शेपूट म्हणूनही येतं. गोव्यात कोंकणीने तर तिन्ही खण वेगळे ठेवले आहेत: नाही म्हणजे ‘ना’, नको म्हणजे ‘नाका’, नव्हे म्हणजे ‘न्हय’. उलट हैदराबादच्या दखनीला आपल्या तिघांतला एकच आवडला आणि तिने तो उचलला: ‘नक्को’. तिथल्या बोलीत मर्जीचा नकार या मराठी शब्दाने होतो.

प्रश्नच नकारात आला तर ‘हो’ फसवं ठरतं. “पिशवी नको ना?” याला “हो” म्हटलं, तर नको ते खरं, की हवी? इथे मराठी माणूस प्रश्नातला नकारच परत करतो: “नको.” तसंच “अजून आला नाही ना?” याला “नाही.” ऐकलेला शब्द उलट दिला की गोंधळ होत नाही.

वहिनींना मी हे एवढं सगळं सांगितलं नाही. फक्त सांगितलं, वाणी काय देऊ पाहतोय ते आधी ऐका. परवा दुकानात त्या माझ्या पुढेच उभ्या होत्या. वाण्याने विचारलं, “पिशवी?”

“नको,” वहिनी म्हणाल्या, आणि पर्स उघडत पुढे म्हणाल्या, “आहे.”