मे महिन्यातला फोटो, ओला शर्ट : घामाचा डाग रंगवू नका, उजळवा

फोटो एडिटिंगचं छोटं काम सुरू करताय? मग मे महिन्यात एक काम हमखास येणार. उमरोळी, पालघर, बोईसर हा सगळा किनारपट्टीचा दमट भाग. मंडपात हळद असो वा दुकानाचं उद्घाटन, काखेत आणि पाठीवर शर्ट ओला होतोच. गिऱ्हाईक म्हणतं, "तेवढा डाग घालवा ना!"

इथे बरेच जण कोरड्या भागाचा रंग उचलून ब्रशने फासतात. मग डाग जातो, पण कापडाची वीण आणि चुण्याही जातात.

आधी डाग म्हणजे काय ते समजून घ्या. कापड ओलं झालं की धाग्यांमधल्या हवेची जागा पाणी घेतं, प्रकाश कमी विखुरतो आणि तो भाग गडद दिसतो. पण वीण तिथेच असते. म्हणून झाकायचं नाही, उजळवायचं.

समजा, आकाशी शर्ट आहे. फोटोशॉप किंवा फोटोपीमध्ये Eyedropper ने कोरडा भाग मोजा. तो डागाला लागून आणि त्याच उजेडातला हवा. समजा आकडे आले लाल 150, हिरवा 180, निळा 210. ओल्या भागाचे आले 105, 135, 175.

आता Curves चा ॲडजस्टमेंट लेयर घ्या. लाल चॅनेलमध्ये 105 वर बिंदू ठेवून तो 150 वर न्या. तसंच हिरव्यात 135 चे 180, निळ्यात 175 चे 210 करा. सगळा फोटो उजळेल, घाबरू नका. लेयरचा मास्क निवडून Ctrl+I दाबा, परिणाम लपेल. मग मऊ पांढरा ब्रश, Flow 10 ते 15 टक्के ठेवून फक्त डागावर हळूहळू फिरवा. कडेला ओल कमी असते, तिथे एखादाच हात पुरतो.

चुकलं कसं ओळखायचं? डागाभोवती उजळ कडं दिसलं तर ब्रश बाहेर गेलाय. काळ्या रंगाने ते पुसा. गडद कडं उरलं तर ब्रश कडेपर्यंत पोचलेला नाही. आणि काखेतली नैसर्गिक सावली राहू द्या. ती गेली की हात चिकटवल्यासारखा वाटतो.

या युक्तीला मर्यादा आहे. पांढरा पातळ शर्ट भिजला की आतली बनियन किंवा त्वचा दिसते. तिथे नुसतं उजळवून भागत नाही. Clone Stamp ने कोरडं कापड चुणीची दिशा सांभाळून आणावं लागतं, वेळ जास्त जातो. भाव सांगण्याआधी म्हणूनच शर्टचा रंग बघा. गडद शर्टावर वाळलेल्या घामाची पांढरी रेघ असेल तर उलटं करा, म्हणजे तेवढाच भाग गडद करा.

शेवटी फोटो छापायच्या आकाराएवढा लहान करून बघा. नजर आधी चेहऱ्याकडे गेली, तर काम झालं.