ठाण्याहून मुंबई, व्हाया सिंगापूर

गेल्या पावसाळ्यात कल्याणच्या माझ्या बहिणीला रात्री साडेदहाला ठाण्याच्या एका रुग्णालयात दाखल करावे लागले. अनामत भरायला मी मोबाइल काढला, तर बँकेचे अ‍ॅप उघडेना. चाक फिरत राहिले आणि शेवटी ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’. रुग्णालयाचे वाय-फाय सोडून मोबाइलचा डेटा लावला, तरी तेच. मी मनातल्या मनात बँकेचा उद्धार केला. शेवटी मेहुण्यांनी त्यांच्या फोनवरून पैसे भरले. त्यांचे खाते त्याच बँकेत! म्हणजे खोट माझ्याच फोनात होती.

बाकावर बसल्या बसल्या भाच्याने फोन पाहिला. “मामा, ही वर किल्ली कधीपासून आहे?” महिन्यापूर्वी डोंबिवलीच्या फलाटावर फुकटचे वाय-फाय वापरताना कुणाच्या सांगण्यावरून मी एक मोफत व्हीपीएन टाकले होते. ते तेव्हापासून चालूच होते. यादीत त्याने आपणहून निवडलेले ठिकाण होते सिंगापूर.

व्हीपीएन म्हणजे फोनपासून त्या कंपनीच्या यंत्रापर्यंतची बंद नळी. वाय-फाय असो वा डेटा, सगळे याच नळीतून जाते; म्हणून माझी अदलाबदल फुकट गेली. सिंगापूर इथून सुमारे ४ हजार किलोमीटर. मुंबईतल्या यंत्राला विचारायचे, तर निरोप सिंगापूरला जाऊन परत मुंबईला, आणि उत्तरही त्याच वाटेने. झाले १६ हजार किलोमीटर! काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, तरी एका फेरीला सेकंदाचा बारावा हिस्सा लागतोच. पान उघडायला अशा कितीतरी फेऱ्या, एकीनंतर एक. त्यात फुकटच्या यंत्रावर गर्दी कल्याण लोकलसारखी.

हा झाला संथपणा. दार बंद होते ते वेगळ्या कारणाने. बँकेला माझा नव्हे, सिंगापूरच्या यंत्राचा पत्ता दिसतो, आणि त्याच पत्त्यावरून शेकडो अनोळखी लोक येत असतात. काही बँका अशा पत्त्याला संशयित ठरवतात. काही संकेतस्थळे परदेशी पत्ता घेतच नाहीत.

मग यादीतून ‘भारत’ निवडावे का? त्यातही मेख आहे. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षे जपणे बंधनकारक झाले. त्यावर काही बड्या कंपन्यांनी इथली यंत्रेच हलवली आणि भारतीय पत्ता सिंगापूर किंवा लंडनहून देऊ लागल्या. पत्ता इथला, फेरी मात्र तिथली.

भाच्याने व्हीपीएन तोडले, बँकेचे अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडले. क्षणात शिल्लक दिसली. किल्ली गेल्यावरही अ‍ॅप अडले असते, तर मात्र बँकेकडे बोट दाखवता आले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली पुन्हा हजर! सेटिंगमध्ये `Always-on VPN` चालू राहिले होते. ते बंद केले आणि मग बहिणीची औषधे आणायला निघालो.